भेंडाचा तुकडा आणि दोन संप्रेरके: वनस्पतिपेशीच्या सर्वक्षमतेचा शोध

वनस्पतीच्या शरीरातील कोणत्याही जिवंत पेशीत, मग ती पानातील असो वा खोडातील, संपूर्ण वनस्पती नव्याने घडवण्याची क्षमता शिल्लक असते, या सिद्धान्ताला सर्वक्षमता म्हणतात. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी 1902 मध्ये हा विचार प्रयोगाच्या पातळीवर आणला. तुळशीच्याच कुलातील लॅमियम परप्युरियम या वनस्पतीच्या पानातील हिरव्या पेशी सुट्या करून त्यांनी खनिज क्षार आणि साखर यांच्या द्रावणात वाढवून पाहिल्या. पेशी कित्येक दिवस जगल्या, आकाराने वाढल्या, त्यांच्यात पिष्टकणही साठले. परंतु एकाही पेशीचे विभाजन झाले नाही. त्यांनी निवडलेल्या पेशी पूर्ण वाढ होऊन आपल्या कामात स्थिरावलेल्या होत्या आणि त्यांना विभाजनाकडे वळवणारे द्रव्य त्या द्रावणात नव्हते. असे द्रव्य असते, हेच त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते.

पुढील तीन दशकांत वनस्पतींतील वाढीचे पहिले संप्रेरक हाती लागले. ऑक्सिन या नावाने ओळखला जाणारा हा संयुगवर्ग खोडाच्या टोकाशी आणि कोवळ्या पानांत अधिक तयार होतो आणि खाली वाहत जाताना पेशींची लांबी वाढवतो, मुळांना चालना देतो आणि बाजूच्या कळ्यांना दडपून ठेवतो. त्यांपैकी सर्वाधिक आढळणारे इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल 1930च्या दशकात ओळखले गेले. 1939 पर्यंत फ्रान्समध्ये गोत्रे आणि नोबेकूर यांनी, तर अमेरिकेत व्हाइट यांनी वनस्पतींच्या ऊती काचपात्रात दीर्घकाळ वाढवून दाखवल्या. या संवर्धनांत तयार होणाऱ्या, ठरावीक आकार नसलेल्या, फिकट आणि मऊ पेशीपुंजाला कॅलस म्हणतात. झाडाच्या जखमेवरही असाच पुंज धरतो. मात्र काचपात्रातील कॅलस पोषक माध्यमावर वाढतच राहतो आणि त्याचा तुकडा नव्या माध्यमावर ठेवला की पुन्हा पसरतो.

कॅलस वाढवता आला तरी त्यातून मूळ किंवा कोंब हवे तेव्हा काढता येत नव्हते. ही कोंडी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसन येथे, फोल्के स्कूग यांच्या प्रयोगशाळेत फुटली. स्कूग मूळचे स्वीडनचे. ऑक्सिन बाजूच्या कळ्यांना कसे रोखते, यावर त्यांनी थिमान या शास्त्रज्ञाबरोबर आधीच काम केले होते. मॅडिसनमध्ये त्यांनी तंबाखूच्या खोडाचा मध्यभाग, म्हणजे भेंड, निवडला. खोडाचा तुकडा बाहेरून निर्जंतुक करून बूच भोकण्याच्या नळीसारख्या हत्याराने आतील भेंड काढले, तर बाजूच्या वाहक ऊती टाळता येतात आणि जवळजवळ एकाच प्रकारच्या, विभाजन थांबवलेल्या पेशी हाती येतात. अशा चकत्या अगारने घट्ट केलेल्या माध्यमावर ठेवल्या आणि त्यात फक्त ऑक्सिन घातले, तर पेशी फुगतात, पण विभागत नाहीत. 1954 मध्ये याब्लोन्स्की आणि स्कूग यांनी दाखवले की वाहक ऊतीचा तुकडा भेंडाला चिकटवून ठेवला तर विभाजन सुरू होते. वाहक ऊतीतून भेंडात झिरपणारे काहीतरी द्रव्य हे काम करत होते.

त्या द्रव्याचा शोध घेताना नारळाचे पाणी आणि यीस्टचा अर्क उपयोगी ठरले, पण त्यांत असंख्य घटक असल्याने नेमके द्रव्य वेगळे करणे कठीण होते. स्कूग यांचे सहकारी कार्लोस मिलर यांनी हेरिंग माशाच्या शुक्रद्रव्यातून काढलेल्या डीएनएचा नमुना वापरून पाहिला आणि पेशी जोमाने विभागू लागल्या. तो नमुना संपल्यावर आणलेला ताजा डीएनए मात्र निष्प्रभ ठरला. जुना नमुना दीर्घकाळ साठवलेला होता. ताजा डीएनएही ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली तापवला की तोच परिणाम दाखवी. म्हणजे कार्यकारी द्रव्य मूळ डीएनएमध्ये नव्हते, तर त्याच्या विघटनातून निर्माण होत होते. 1955 मध्ये हे संयुग शुद्ध रूपात मिळाले आणि त्याला कायनेटिन नाव देण्यात आले. पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या अशा संयुगांच्या गटाला पुढे सायटोकायनिन म्हटले जाऊ लागले. वनस्पतीत स्वाभाविकपणे तयार होणारे सायटोकायनिन, झिॲटिन, त्यानंतर काही वर्षांनी मक्याच्या दाण्यातून मिळाले.

1957 मध्ये स्कूग आणि मिलर यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग ऊतिसंवर्धनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येतो, परंतु बहुतेक वेळा केवळ निष्कर्षापुरता. त्याची रचना समजून घेतली तर निष्कर्षाची मर्यादाही कळते. तंबाखूच्या भेंडाच्या चकत्या एकाच पोषक माध्यमावर ठेवून त्यांनी इंडोल अ‍ॅसेटिक आम्लाचे प्रमाण लिटरला सुमारे 2 मिलिग्रॅम असे स्थिर राखले आणि कायनेटिनचे प्रमाण पायरीपायरीने वाढवले. कायनेटिन अजिबात नसताना ऊती फारशी वाढली नाही. लिटरला 0.02 मिलिग्रॅमच्या आसपास कायनेटिन असता ऊतीतून मुळे फुटली; 0.2 मिलिग्रॅमला मुळे किंवा कोंब न फुटता कॅलस फोफावला; आणि 0.5 ते 1 मिलिग्रॅमला त्याच ऊतीवर हिरवे कोंब उमटले. प्रमाण आणखी वाढवले तर वाढ मंदावली. कायनेटिन स्थिर ठेवून ऑक्सिन बदलले तरी असाच क्रम दिसला. यावरून मुळे की कोंब हे कोणत्याही एका संप्रेरकाच्या प्रमाणावर नव्हे, तर दोहोंच्या गुणोत्तरावर ठरते, असे त्यांनी मांडले: ऑक्सिनचा वरचष्मा मुळांकडे नेतो, सायटोकायनिनचा कोंबांकडे, आणि मधल्या गुणोत्तरात कॅलस टिकून राहतो.

या आकड्यांत एक बारकावा दडलेला आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. वजनाने पाहिले तर मुळे देणाऱ्या माध्यमात ऑक्सिन कायनेटिनच्या 100 पट असते, कॅलसच्या माध्यमात 10 पट, आणि कोंब देणाऱ्या माध्यमातही ते किमान दुप्पट असते. रेणूंची संख्या मोजली तरी कोंबांच्या माध्यमात ऑक्सिनचेच रेणू अधिक भरतात. ‘सायटोकायनिनचे आधिक्य’ याचा अर्थ बाटलीतील आधिक्य असा घेता येत नाही. इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल प्रकाशात आणि पेशींतील विकरांच्या क्रियेने लवकर नष्ट होते, तर कायनेटिन तुलनेने अधिक टिकते. शिवाय पेशी स्वतःही दोन्ही संप्रेरके बनवतात, शोषतात आणि निष्क्रिय करतात. गुणोत्तराचा निर्णय पेशीच्या आत होतो आणि माध्यमातील प्रमाण हे त्यावर बाहेरून प्रभाव टाकण्याचे साधन तेवढे आहे. 2,4-डी किंवा नॅफ्थॅलीन अ‍ॅसेटिक आम्ल यांसारखे अधिक टिकाऊ कृत्रिम ऑक्सिन वापरले की तेच आकडे तसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणूनच एका वनस्पतीसाठी बसवलेले माध्यम दुसरीसाठी पुन्हा पायरीपायरीने तपासून घ्यावे लागते.

या तपासणीसाठी प्रयोगशाळांत तक्त्यासारखी मांडणी केली जाते. आडव्या ओळीत ऑक्सिनची वाढती प्रमाणे आणि उभ्या रांगेत सायटोकायनिनची वाढती प्रमाणे घेऊन प्रत्येक चौकटीसाठी वेगळ्या बाटल्या भरतात. मूळ माध्यम बहुधा मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये तंबाखूसाठीच तयार केलेले असते. त्यात लिटरला 30 ग्रॅम साखर असते, आम्लता 5.7 ते 5.8 सामूवर आणतात, आणि नायट्रेट व अमोनियम या दोन्ही रूपांतील नायट्रोजन त्यात भरपूर असतो. काही आठवड्यांनी चौकटींचे निरीक्षण करताना कॅलसचा रंग आणि पोत पाहिला जातो. घट्ट, गाठाळ, हिरवट ठिपके असलेल्या कॅलसमधून कोंब येण्याची शक्यता अधिक. पाणचट, भुसभुशीत, कापसासारखा कॅलस झपाट्याने वाढतो, पण अनेकदा अवयव देत नाही. तपकिरी पडलेल्या कॅलसमध्ये फिनॉल संयुगांचे ऑक्सिडीकरण झालेले असते. त्याला वारंवार नव्या माध्यमावर हलवावे लागते. सायटोकायनिन फार झाले तर कोंब काचेसारखे पारदर्शक, फुगीर आणि ठिसूळ होतात आणि मातीत लावल्यावर तग धरत नाहीत.

कॅलस म्हणजे सर्व ओळख पुसून कोरी झालेली पेशी, ही कल्पना अनेक दशके रूढ होती. गेल्या दोन दशकांत अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीवरील अभ्यासाने ती मोडीत काढली. ऑक्सिनप्रधान माध्यमावर धरणारा कॅलस, तो मुळापासून घेतलेला असो वा पाकळीपासून, वाहक ऊतीभोवतीच्या परिरंभ नावाच्या थरासारख्या पेशींतून निघतो, आणि त्याची जनुकीय घडण बाजूचे मूळ फुटू लागतानाच्या ऊतीशी मिळतीजुळती असते. ज्या उत्परिवर्ती वनस्पतीत बाजूची मुळे सुरूच होऊ शकत नाहीत, तिच्यात असा कॅलसही नीट धरत नाही. यातून स्कूग आणि मिलर यांच्या गुणोत्तराच्या नियमालाही नवा अर्थ मिळतो. मुळांच्या बाजूला वळणे कॅलसला सोपे जाते, कारण त्याने ती वाट अर्धी चाललेली असते. कोंबासाठी मात्र त्याला दिशा बदलावी लागते. भरपूर सायटोकायनिन मिळाले की त्या संदेशाला प्रतिसाद देणारी प्रथिने वुशेल नावाचे जनुक काही पेशीसमूहांत जागे करतात आणि तिथे कोंबाच्या टोकाची विभज्या, म्हणजे सतत विभागणाऱ्या पेशींचे केंद्र, उभे राहते.

इथे सर्वक्षमतेच्या दाव्याकडे काटेकोरपणे पाहणे आवश्यक आहे. भेंडाच्या तुकड्यावर आलेला कोंब हजारो पेशींच्या समूहातून येतो. त्यावरून प्रत्येक पेशी सर्वक्षम आहे असे सिद्ध होत नाही, समूहातील काही पेशी अवयव घडवू शकतात इतकेच दिसते. 1958 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात स्ट्यूअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाजराच्या सुट्या पेशींच्या संवर्धनातून नारळाच्या पाण्याच्या मदतीने रोपे मिळवली, पण तिथेही पेशींचे पुंज होते. एकाच पेशीवर सतत लक्ष ठेवून तिच्यापासून फुलणारी वनस्पती मिळवण्याचे काम विमला वासिल आणि हिल्डेब्रांट यांनी 1965 मध्ये, पुन्हा तंबाखूवरच, पूर्ण केले. हाबरलांट यांचा सिद्धान्त अशा रीतीने निदान या वनस्पतीपुरता निःसंशय ठरला. सर्व वनस्पतींच्या सर्व पेशी तितक्याच लवचीक नसतात. गहू-भातासारख्या एकदल पिकांत पक्व पानातून क्वचितच काही निघते. तिथे कोवळा गर्भ किंवा पानाचा अगदी तळचा भाग घेऊन 2,4-डी वापरावे लागते.

महाराष्ट्रातील वाचकाला या विद्येचा सर्वांत परिचित आविष्कार म्हणजे जळगाव परिसरात लागवडीखाली असलेली टिश्यू कल्चर केळी. तिच्या उत्पादनात कॅलसला मुद्दाम वगळलेले असते. निरोगी मुनव्याच्या कंदातून कोंबाचे टोक कोरून घेतात आणि बेंझिल अ‍ॅडेनिन या सायटोकायनिनचे लिटरला काही मिलिग्रॅम असलेल्या माध्यमावर ठेवतात. टोकातून येणारे ऑक्सिन बाजूच्या कळ्यांना दडपून ठेवत असते. तो दाब सायटोकायनिनने मोडतो आणि आधीपासून असलेल्या कळ्या एकामागून एक फुटतात. गुच्छ विलग करून पुन्हा त्याच माध्यमावर ठेवले जातात आणि शेवटी सायटोकायनिन काढून ऑक्सिन दिले की मुळे येतात. गुणोत्तराचा नियम तोच, पण वाट वेगळी. कारण कॅलसमधून वारंवार जाताना गुणसूत्रांच्या संख्येत आणि जनुकांच्या नियंत्रणात बदल साचतात, आणि केळीत ते बुटक्या किंवा विकृत पानांच्या झाडांच्या रूपाने शेतात उमटतात. म्हणून गुच्छाच्या तळाशी गाठाळ कॅलस दिसला तर तो कापून टाकला जातो, एकाच टोकापासून किती वेळा विभागणी करायची याला मर्यादा घातली जाते, आणि रोपे शेतकऱ्याकडे जाण्यापूर्वी रोपवाटिकेत वेगळी दिसणारी रोपे निवडून बाजूला काढली जातात. यांपैकी काही विकृती रोपवाटिकेत ओळखू येत नाहीत. घड पडण्याच्या वेळीच त्या उघड होतात.