डॉलर येतो की जातो?

वरूडचा संत्रा ट्रकमधून थेट बांगलादेशात जातो, हे तुम्हांला ठाऊक असेलच. असे परदेशी सौदे पुष्कळदा डॉलरमध्ये ठरतात. त्यामुळे रुपया घसरला, की तेवढ्याच पेट्यांचे व्यापाऱ्याला जास्त रुपये मिळतात. तोडणीची मजुरी मात्र तो रुपयांतच देतो!

आता पुण्याजवळच्या हिंजवडीला चला. तिथल्या सॉफ्टवेअर कंपन्याही माल परदेशी पाठवतात, फक्त त्यांना ट्रक लागत नाही. २०१८ सालच्या जानेवारीत एका डॉलरला साधारण ६४ रुपये पडत होते, ऑक्टोबरात ७४. समजा, एका कंपनीने अमेरिकेतल्या बँकेचं १०० डॉलरचं काम केलं. जानेवारीत तिला ६४०० रुपये मिळाले. पगार, वीज, भाडं यांवर ४५०० गेले आणि १९०० उरले. ऑक्टोबरात त्याच कामाचे ७४०० आले. खर्च तेवढाच राहिला, तर उरले २९००. काम तेच, नफा दीडपट!

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा छोटासा वाटा. नफा वाढणार असं दिसलं, की तो वाटा घ्यायला लोक जास्त पैसे मोजतात. त्या वर्षी टीसीएस आणि इन्फोसिसचे शेअर चांगलेच वधारले होते.

विमान कंपनीचं गणित बरोबर उलटं असतं. आपण तिकीट काढतो रुपयांत. पण पुष्कळशी विमानं भाड्याने घेतलेली असतात आणि ते भाडं डॉलरमध्ये असतं. दुरुस्तीचे सुटे भाग परदेशातून येतात. इंधन भारतात रुपयांत विकत मिळत असलं, तरी त्याचा भाव जगातल्या तेलबाजाराच्या मागे, म्हणजे डॉलरच्या मागे धावतो. समजा, ४००० रुपयांच्या तिकिटामागे ३५ डॉलर आणि १५०० रुपये खर्च आहे. डॉलर ६४ ला असताना २६० रुपये उरतील. तो ७४ ला गेला, की ९० रुपये खिशातून घालावे लागतील!

मग तिकीट का नाही वाढवत? कारण शेजारच्या कंपनीने वाढवलं नाही, तर प्रवासी तिकडे जातील. २०१८ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत इंडिगोला सुमारे ६५० कोटींचा तोटा झाला. शेअर बाजारात आल्यापासूनचा तो तिचा पहिलाच तिमाही तोटा. दोष एकट्या रुपयाचा नव्हता. तेलही महागलं होतं आणि तिकिटं स्वस्त होती.

सॉफ्टवेअर कंपन्यांचाही सगळा फायदा हाती राहत नाही. त्यांची काही माणसं अमेरिकेत बसून डॉलरमध्येच पगार घेतात. शिवाय पुष्कळ कंपन्या पुढे येणाऱ्या डॉलरचा भाव बँकेशी आधीच ठरवून टाकतात. रुपया घसरला, तरी त्या डॉलरांना ठरलेलाच भाव मिळतो.

आणि रुपया का घसरला, तेही बघावं लागतं. २००८ मध्ये डॉलर ४० च्या आतून ५० पर्यंत गेला, तरीही सॉफ्टवेअर कंपन्यांचे शेअर कोसळले. कारण त्यांना काम देणाऱ्या अमेरिकन बँकाच तेव्हा बुडायला लागल्या होत्या.