हातकागदाच्या वहीत शाई का फुटते?

हातकागदाची वही घ्यायला गेलं की दुकानदार आधी जीएसएम सांगतो. एकशे वीस, दीडशे, कधी दोनशे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा साधा कागद सत्तर-ऐंशीचा असतो, त्यामुळे दीडशे ऐकल्यावर वाटतं की यावर कुठलंही पेन चालेल. घरी येऊन फाउंटन पेननं पहिली ओळ लिहिली की अक्षरांना केसाळ कडा फुटतात आणि पान उलटलं की मागे निळे ठिपके दिसतात. मग 'हातकागद लिहायला नसतोच' असं म्हणून वही भेट देण्यासाठी बाजूला ठेवली जाते. माझ्या मते यात हातकागदावर अन्याय होतो, कारण शाई थांबवण्याचं काम वजन करत नाही.

याच्या दाखल्यासाठी पुण्यापासून फार लांब जायला नको. शिवाजीनगरला के. बी. जोशी रस्त्यावर हातकागद संस्था आहे. ज्यांचं नाव त्या रस्त्याला आहे त्या जोशींनीच ती १९४० साली उभी केली. त्याआधी ते वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाच्या वर्तुळात हातकागदाचं काम करत होते. पण या भागातली कागदाची परंपरा त्याहून कितीतरी जुनी. जुन्नरचा कागद मराठी दफ्तरांत चालायचा आणि पुण्यात कसब्यात कागदीपुरा आजही आहे. भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. भोर-वेल्ह्याच्या मुसळधार पावसात देशमुख-कुलकर्ण्यांच्या पेट्यांतून पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले मोडी कागद पाहिले की ओळी अजून धारदार दिसतात. बोरूनं, भरपूर काजळी शाईनं लिहूनही त्या फुटलेल्या नाहीत.

याचं कारण कागद्याच्या शेवटच्या दोन कामांत आहे. ताव वाळला की त्यावर पातळ खळ फिरवायची, म्हणजे गव्हाची किंवा तांदळाची शिजवलेली पेज. ती सुकली की गुळगुळीत दगडानं ताव घोटायचा. कापसाच्या तंतूला पाण्याची ओढ असते आणि दोन तंतूंमधल्या बारीक फटी शाईला आत खेचतात. खळ त्या फटी बुजवते आणि घोटल्यामुळे वरचे तंतू दबून पृष्ठभाग बंद होतो. शाई वरच थांबते आणि उभ्या उभ्या वाळते. खळ अजिबात न दिलेला कागद म्हणजे टीपकागद. तो दोनशे जीएसएमचा केला तरी टीपकागदच राहतो, फक्त जास्त शाई पितो.

आजच्या कारखान्यात बनियनच्या कापडाची सुती कात्रणं बारीक करून बीटरमध्ये कुटतात. लगदा हौदात सोडून साच्यावर उचलतात, कापडावर उतरवतात, दाबून पाणी काढतात आणि वाळवतात. खळीचं काम अनेकदा लगद्यातच उरकतात. पूर्वी त्यासाठी राळ आणि तुरटी घालत. तुरटीमुळे कागद आंबट होतो आणि काही दशकांत पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून आता आम्लरहित द्रव्यं आली आहेत. घोटण्याच्या जागी जस्ताच्या पत्र्यांमध्ये ताव ठेवून रुळांतून काढतात. चित्रकारांसाठी केलेला खरखरीत ताव या शेवटच्या पायरीआधीच थांबवतात. पुष्कळ शोभिवंत वह्या याच तावांच्या असतात आणि तक्रार तिथूनच सुरू होते. कागद वाईट नसतो. तो जलरंगासाठी केलेला असतो आणि आपण त्यावर निब ओढत असतो.

माझ्यासमोरची वही ए-पाच आकाराची, अठ्ठेचाळीस पानांची, छापील वजन १२०. ते घरी पडताळता येतं. ए-चारचे सोळा ताव म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर, तर ए-पाचची बत्तीस पानं. म्हणजे अठ्ठेचाळीस पानं दीड चौरस मीटर झाली, आणि आतल्या पानांचं वजन १८० ग्रॅमच्या आसपास हवं. पुठ्ठा वेगळा धरायचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते दहा-पंधरा ग्रॅम इकडेतिकडे आलं तर चिंता नाही. हातानं उचललेला प्रत्येक ताव थोडा वेगळाच असतो.

मग शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब ठेवला. तो गोल राहिला आणि मिनिटभरानं टिपल्यावर खाली फक्त ओलसर डाग उरला. म्हणजे खळ आहे. थेंब लगेच पसरून मागे उतरला असता तर पुढे काही तपासायलाच नको होतं. मध्यम निबच्या फाउंटन पेनची ओळ स्वच्छ आली. रुंद, शाई सढळ सोडणाऱ्या निबनं मात्र जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे मागे ठिपका दिला. अतिबारीक निब तंतू उचलत होतं. दोन ओळींनंतर रेघ अचानक जाड झाली की टोकाला कापूस अडकला हे ओळखायचं आणि ते पुसायचं. जेल पेन उत्तम चाललं. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असल्यानं फुटत नाही, पण खरखरीत कागदावर ती मध्येमध्ये सुटते, मग जोर लावला जातो आणि मागच्या बाजूला उठाव येतो. पेन्सिलीला हा कागद सगळ्यांत प्रेमळ. परमनंट मार्कर थेट दोन पानं खाली उतरला. खळ पाण्याला अडवते, मार्करमधल्या अल्कोहोलला नाही. असा मार्कर या वहीला लावूच नये.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. हातकागदावर खोडरबर घासला की वरची खळ आणि दबलेले तंतू दोन्ही निघतात. पुन्हा लिहिलं की नेमक्या तेवढ्याच जागी शाई फुटते. चूक झाली तर एक रेघ मारून पुढे जावं. पानाच्या एकाच कडेला शाई फुटत असेल तर तिथे खळ कमी पोचली आहे असं समजावं.

बांधणीचा विचारही याच जाडीवरून करावा लागतो. पातळ कागदाचे आठ ताव एकात एक घालून जुज करता येतो. १२०च्या कागदाचे तेवढे घातले तर आतली पानं कडेनं बाहेर येतात आणि घडीवर कणा फुगतो. चार ताव, म्हणजे आठ पानं, हे बेताचं. असे सहा जुज मेणलावल्या दोऱ्यानं एकमेकांत ओवले की जुजबंदी झाली, आणि वही टेबलावर सपाट उघडते. नुसत्या सरसानं कणा चिकटवलेली वही मी घेत नाही. जाड पान उघडताना चिकट थरावर सगळा ताण येतो आणि पानं सुटतात. कडेनं टाचलेली वही टिकते खरी, पण शिलाईलगतचा बोटभर कागद वाया जातो आणि ती हातानं दाबूनच धरावी लागते.

खऱ्या हातकागदाला बहुधा दिशा नसते, कारण साचा दोन्हीकडे हलवून तंतू सगळीकडे पसरवतात. आडवी आणि उभी अशा दोन पट्ट्या फाडून बघा. दोन्ही सारख्याच वेड्यावाकड्या फाटल्या तर ताव हातानं उचललेला. एक सरळ आणि दुसरी वाकडी फाटली तर तो फिरत्या रुळाच्या यंत्रावर निघाला असण्याची शक्यता मोठी. तोही लिहायला वाईट नाही, फक्त त्याची दिशा कण्याला समांतर ठेवून बांधला नाही तर पानं ताठ राहतात.

भोर-वेल्ह्यासारख्या भागात खरी कसोटी जून ते सप्टेंबर. कापूस हवेतली ओल घेतो, पान लाटदार होतं आणि एरवी न फुटणारी शाईही थोडी पसरते. खळ म्हणजे पीठच, ते बुरशीला आणि कसरीला आवडतं, म्हणून जुने बाइंडर बांधणीच्या खळीत मोरचूद घालत. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नये, आत ओल कोंडते. कोरड्या सुती कापडात गुंडाळून भिंतीपासून दूर, फळीवर आडवी ठेवावी, आणि लक्ष्मीपूजनाला पुजायची नवी वही असेल तर ती पाऊस सरल्यावरच आणावी.