बाळ आल्यावर दोघांतलं बोलणं

बाळ सात-आठ महिन्यांचं झालं की नवरा-बायकोने एकदा आपल्या दोघांचेच व्हॉट्सअ‍ॅपवरचे आठवडाभराचे निरोप वाचून पाहावेत. ‘डायपर संपलेत.’ ‘मावशी उद्या येणार नाहीत.’ ‘डॉक्टर साडेसहाला बोलावतायत.’ ‘निघालास का?’ ‘निघालो.’ त्यात भांडण नसतं, अबोलाही नसतो. कामं सगळी होत असतात. फक्त त्या दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याच्या मनात सध्या काय चाललंय, हे त्यातून कळत नाही. लग्नाआधी याच दोघांनी याच जागी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गप्पा मारलेल्या असतात.

लग्न झाल्यावर नव्याची नवलाई ओसरतेच, असं म्हणून हे सोडून दिलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१८ जोडप्यांची लग्नानंतरची आठ वर्षं पाहिली गेली. मूल नसलेल्या जोडप्यांचंही समाधान त्या काळात कमी झालं, पण हळूहळू. मूल झालेल्यांमध्ये मात्र बाळाच्या जन्मानंतर ते एकदम खाली आलं आणि पुढेही बरेचदा तिथेच राहिलं. म्हणजे वर्षं सरल्यामुळे जे झिजतं त्याहून वेगळं काहीतरी बाळ आल्यावर घडतं. ते काय, हे नीट पाहायला हवं, कारण त्यातला बराच भाग कामाच्या मांडणीतून येतो आणि मांडणी बदलता येते.

आपल्याकडे या दुराव्याची सुरुवात बहुधा मायेपोटीच होते. पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण झालं की मुलगी आईकडे जाते. नवरा बारशाला येतो, पुढे शनिवार-रविवारी येतो, बाळ दोन मिनिटं हातात घेतो आणि ते रडलं की कुणीतरी आजी, मावशी ते पटकन उचलते. या दोन-तीन महिन्यांत ती भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं ओळखायला शिकते, ढेकर काढायला, नखं कापायला शिकते. ती सासरी परतते तेव्हा या कामात तिची तीन महिन्यांची तालीम झालेली असते आणि त्याचा पहिला दिवस असतो. तो लंगोट बांधताना चाचपडतो, बाळ किंचाळतं, ती म्हणते, ‘दे इकडे.’ त्या क्षणी ते बरोबरच असतं, काम लवकर होतं. पण हे रोज घडलं की तिचा हात आणखी सरावतो आणि त्याचा हात मागेच राहतो.

कायदाही याच दिशेने ढकलतो. २०१७च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात आणि खासगी नोकरीत कंपनीच्या धोरणावर सगळं अवलंबून. बाळाच्या आयुष्यातले पहिले सहा महिने घरी कोण असणार हे असं ठरून गेलं, की त्या सहा महिन्यांत घराची घडी जशी बसते तशीच ती पुढेही राहते. केंद्राच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं घालवताना दिसल्या, पुरुष ८८.

मात्र मिनिटं मोजून या घरांतला शीण पूर्ण पकडता येत नाही. अ‍ॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ साली ३५ अमेरिकी जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेला निबंध लिहिला. घरातलं डोक्याने करायचं काम त्यांनी चार टप्प्यांत उलगडलं. गरज आधीच ओळखणं, ती भागवायचे पर्याय शोधणं, त्यातून निवड करणं, आणि नंतर ते झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निवड बहुतेक जोडपी मिळून करत होती. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र प्रामुख्याने बायकांकडे होता.

हे आपल्या घरात कसं दिसतं? नमुन्यादाखल ठाण्यातलं एक घर कल्पू. दोघंही नोकरी करणारे, ती अजून रजेवर. बाळाच्या लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या. साडेतीन महिन्यांचा डोस जवळ आलाय हे तिला कार्ड न उघडताच ठाऊक आहे. चार दिवस आधी तिने बाळाची सर्दी ओसरतेय ना हे पाहिलंय. शनिवारी गर्दी असते म्हणून शुक्रवारची वेळ घेतलीय. मागच्या वेळी ताप आला होता, तर औषधाचे थेंब संपलेत हे तिच्या लक्षात आहे, आणि वजन वाढल्यामुळे आता किती द्यायचे हे डॉक्टरांना विचारायचंय, हेही. शुक्रवारी तो अर्धी रजा टाकतो, गाडी काढतो, सुई टोचताना बाळाला धरतो, परत येताना थेंब विकत घेतो. रात्री दोनला आणि चारला उठून ती अंगाला हात लावून ताप पाहते.

आता त्याला विचारा, तो म्हणेल, ‘लसीचं मीच केलं.’ तिला विचारा, ती म्हणेल, ‘सगळं मलाच बघावं लागतं.’ दोघंही खरं बोलतायत. त्याने केलेला भाग दिसतो आणि मोजता येतो. तिचा भाग आठवडाभर तिच्या डोक्यात चालू होता, आणि ती भात लावत असताना किंवा डोळे मिटून पडली असतानाही तो थांबत नव्हता. याच मांडणीतून दोघांच्या बोलण्याला सूचनांचं वळण लागतं. ती सांगते, तो करतो. कालांतराने त्याला वाटतं, घरी पाय टाकला की हुकूम सुरू. तिला वाटतं, सांगितल्याशिवाय याला काही दिसतच नाही. ज्याच्याकडून दिवसभर कामं करून घ्यायची, त्याच्याजवळ रात्री मन मोकळं करावंसं वाटणं अवघड असतं, आणि उलटही तितकंच.

यावर कामाची यादी अर्धी-अर्धी करून भागत नाही. एक अख्खं खातं, आठवण ठेवण्यापासून पाठपुराव्यापर्यंत, एकाकडे जावं लागतं. डॉक्टर आणि औषधं त्याच्याकडे, असं ठरलं तर लसीचं कार्ड त्याच्याजवळ, वेळ त्याने घ्यायची, थेंब संपत आलेत हे त्याला कळायला हवं. किमान काय झालंच पाहिजे एवढं आधी बसून ठरवावं. त्यानंतर तिने विचारायचं नाही. ‘घेतलीस ना वेळ?’ असा प्रश्न आला की पाठपुरावा परत तिच्याकडे गेला. हे दिसतं त्याहून कठीण आहे, कारण पहिल्यांदा तो चुकणार. डोस आठवडाभर पुढे जाईल. डोस थोडा लांबला तर डॉक्टर तो पुढे देतात, आधीचे वाया जात नाहीत. त्या एका चुकीनंतर खातं परत तिने ओढून घेतलं, तर तो पुन्हा कधी हात घालणार नाही.

आपल्या घरांत इथे तिसरी व्यक्तीही असते. ‘त्याला काय जमतंय, दे माझ्याकडे,’ असं आजी म्हणते, आणि प्रेमानेच म्हणते. त्याला उत्तर मुलाने द्यायला हवं. ‘आई, राहू दे, मी करतो,’ हे वाक्य सुनेच्या तोंडून आलं तर तो वाद होतो, मुलाच्या तोंडून आलं तर घराची रीत बदलते.

पण एवढ्यावर थांबलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कामं अगदी नीट वाटून घेतलेली जोडपीही दुरावतात, आणि त्यांचं दुरावणं लवकर लक्षात येत नाही. ती सकाळच्या शाळेत शिकवते, तो दुपारपासून रात्रीपर्यंत परदेशी कॉलवर. ती आली की तो निघतो, बाळ एका हातातून दुसऱ्या हातात. रात्री एकाची तरी झोप व्हावी म्हणून एक जण बाळाजवळ, दुसरा हॉलमध्ये. सुरुवातीच्या आठवड्यांत हा शहाणपणाचाच निर्णय असतो. मग तो न ठरवताच वर्ष-दीड वर्ष चालतो.

यात शरीराचाही भाग आहे, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी राहतं, त्यामुळे कोरडेपणा येतो, संबंध दुखरे होऊ शकतात, इच्छा कित्येक महिने मंदावते. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी ‘हरकत नाही’ म्हटलं, म्हणजे तिचं शरीर तयार झालं असं होत नाही. दिवसभर बाळ अंगाला बिलगलेलं असतं, तेव्हा रात्री आणखी कुणाचाही हात नकोसा वाटतो. त्याला तो स्वतःचा नकार वाटतो. पुढे नकार नको म्हणून तो जवळच येत नाही, आणि जवळ घेतलं तर त्याचा वेगळा अर्थ निघेल म्हणून तीही टाळते. शेवटी खांद्यावरचा साधा हातही जातो. मला यातलं सर्वांत मोठं नुकसान हेच वाटतं. ‘संबंध आत्ता नकोत, पण जवळ बस,’ हे स्पष्ट शब्दांत म्हणता आलं तर ते टळतं.

जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवविवाहित जोडप्यांना बाळ होईपर्यंत आणि त्यानंतरही पाहिलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश बायकांचं वैवाहिक समाधान घसरलं, एक तृतीयांशांचं टिकलं किंवा वाढलं. टिकलेल्या घरांत बाळ येण्याआधीपासून नवरा बायकोबद्दल आपुलकीने बोलत होता, आणि तिच्या आयुष्यात काय चाललंय याची त्याला खबर होती.

अशी खबर ठेवायला परगावी सहल लागत नाही. घरातल्या व्यवस्थेच्या बोलण्याला आठवड्यातून एक ठरलेली वेळ द्यावी, समजा रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं, वही घेऊन. त्या बोलण्याला अशी जागा नसली की ते प्रत्येक जेवणात घुसतं. आणि रोज दहा मिनिटं अशी असावीत की त्यात बाळ, बिलं आणि मावशींची सुट्टी हे विषय नाहीत. सुरुवातीला सुचणार नाही. ‘बाकी काय?’ या प्रश्नाला उत्तर येत नाही. ‘त्या नवीन साहेबांनी आज परत अडवलं का?’ याला येतं, कारण ते विचारायला कालचं लक्षात ठेवावं लागतं.

प्रत्येक दुरावा या मार्गाने जात नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, बाळ झोपलेलं असतानाही झोप न येणं, मरणाचे विचार, हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. बापांनाही ते होतं, फक्त ते बरेचदा चिडचिड किंवा कामात बुडून घेणं अशा रूपात दिसतं. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. आणि ज्या घरात मारहाण किंवा धाक आहे, तिथे खाती वाटून घेण्याच्या सल्ल्याला अर्थ नाही, तिथे आधी सुरक्षितता.

बर्कलीच्या कॅरोलिन आणि फिलिप कोवन या संशोधक दांपत्याने बाळ आल्यावरच्या या दुराव्यावर फार साधा प्रयोग केला. एकाच सुमारास बाळाची वाट पाहणाऱ्या जोडप्यांचे छोटे गट केले. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांपासून बाळ तीन-एक महिन्यांचं होईपर्यंत ते दर आठवड्याला भेटत आणि कामं, पैसा, आईवडील, जवळीक यांवर बोलत. बाळ झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत या गटांतल्या जोडप्यांचं नातं इतरांपेक्षा चांगलं टिकलं. आपल्या शहरांत गर्भसंस्काराचे आणि बाळंतपणाच्या तयारीचे वर्ग भरपूर चालतात. श्वसन, आहार, बाळाची अंघोळ, सगळं शिकवतात. त्यात सातव्या महिन्यात दोघांना शेजारी बसवून एक तास द्यावा. लसीचं कार्ड कोणाकडे राहील, माहेरच्या तीन महिन्यांत बाप सलग किती दिवस तिथे राहील, आणि त्या दिवसांत बाळाचं लंगोट-ढेकर त्याने एकट्याने करताना बाकीचे सगळे दुसऱ्या खोलीत बसतील का, हे त्या तासात ठरवून उठावं.