झोपून वाचताना अक्षरे आडवी होतात?

"अगं, माझा फोन बिघडलाय. आडवी झाले की अक्षरंही आडवी होतात. मान वळवली की तीही वळतात. आता वाचनाचा नादच सोडून द्यायचा झालं!"

इंदूरहून मावशीचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात खरोखर कंटाळा होता. वय 72, पाठीच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर आणि डॉक्टरांनी काही आठवडे जास्तीत जास्त झोपूनच राहायला सांगितलेले. जाड पुस्तक हातात धरवत नाही, म्हणून भाच्याने तिच्या आवडीची जुनी कादंबरी स्कॅन करून फोनवर पाठवली होती. पण वाचायला घेतले की पाच मिनिटांत ती फोन बाजूला ठेवायची. घरातल्या एकाने चष्म्याचा नंबर वाढल्याचे निदान केले, तर दुसरा फोन दुरुस्तीला टाकायला निघाला होता.

"मावशी, तू कुशीवर झोपून वाचतेस का?" मी विचारले.

"मग काय उभी राहून वाचू?" मावशी म्हणाली.

फोन बिघडलेला नव्हता आणि डोळेही. चुकत होती ती एकच गोष्ट. फोनला मावशी कुठे आहे हे कळत नव्हते. त्याला फक्त जमीन कुठे आहे एवढेच कळते.

फोनला जमीन कळते, चेहरा नाही

प्रत्येक स्मार्टफोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा भाग असतो. त्याच्या आत सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. पृथ्वी त्याला खाली ओढते आणि तो कोणत्या बाजूला सरकला यावरून फोन खालची दिशा ओळखतो. मग ओळी जमिनीला समांतर राहतील अशा बेताने मजकूर फिरवतो. यालाच 'ऑटो-रोटेट' म्हणतात.

आपण बसलेले किंवा उभे असतो तेव्हा हे अगदी सोयीचे असते, कारण तेव्हा आपले दोन्ही डोळे जमिनीला समांतर असतात. कुशीवर वळलो की मात्र एक डोळा वर आणि एक खाली होतो. आपण फोन चेहऱ्याबरोबर वळवतो, फोन मात्र जमिनीशी इमान राखून ओळी पुन्हा जमिनीला समांतर करतो. म्हणून मावशी जेवढी वळायची तेवढी अक्षरे तिच्याविरुद्ध वळायची.

उताणे झोपून फोन चेहऱ्यावर धरला तर वेगळीच गंमत होते. तेव्हा गुरुत्वाकर्षण पडद्याच्या आरपार जाते. वरची बाजू कोणती आणि डावी-उजवी कोणती, हे ठरवायला फोनकडे काही आधारच उरत नाही. तो बहुधा आधीची स्थिती धरून ठेवतो, पण हात थोडा कलला की पडदा अचानक फिरतो.

पहिले काम: कुलूप

अँड्रॉइड फोनवर पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा. चौकोनांची किंवा गोल खुणांची पाटी उघडते. त्यात Auto-rotate अशी खूण असते. ती दाबून बंद केली की पडदा फिरणे थांबते. सॅमसंगच्या फोनवर बंद केल्यावर त्याच खुणेचे नाव Portrait असे दिसते. आयफोनवर उजव्या वरच्या कोपऱ्यातून बोट खाली ओढायचे (गोल होम बटण असलेल्या जुन्या आयफोनवर खालून वर) आणि गोल बाणात कुलूप असलेली खूण दाबायची.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. आयफोनवर खूण उजळलेली असेल तर कुलूप लागलेले असते. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर उलट असते. खूण उजळलेली म्हणजे पडदा फिरायला मोकळा. त्यामुळे रंग बघून ठरवू नका. फोन उभा धरा, मग आडवा करा. मजकूर वळला नाही तर कुलूप लागले असे समजा.

मावशीने बसून, फोन उभा धरून कुलूप लावले आणि मग ती उजव्या कुशीवर वळली. या स्थितीत फोन गादीवर आपल्या लांब कडेवर टेकतो, मागे उशी असली की हाताला ओझे राहत नाही. संदेश, बातम्या, अक्षर मोठे करता येणारी पुस्तके तिला आता सहज वाचता येऊ लागली.

दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा तक्रार आली. "कोपऱ्यात एक छोटासा बाण येतो आणि बोट लागलं की सगळं फिरतं!" 2018 सालच्या अँड्रॉइड 9 पासून ही सोय आहे. कुलूप असताना फोन वळवला की खालच्या कोपऱ्यात काही क्षण एक खूण दिसते. ती दाबली तरच पडदा वळतो. वळणे नको असेल तर तिला हात लावू नये, ती आपोआप जाते. चुकून दाबली गेलीच तर फोन पुन्हा उभा धरून तीच खूण दाबावी.

कादंबरी का वाचता येईना?

आता उरली ती कादंबरी. तिची अक्षरे स्थिर होती, पण बारीक दिसत होती. याचे उत्तर फूटपट्टीने मिळाले.

मावशीच्या फोनचा पडदा सुमारे 7 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच. कादंबरीचे मूळ पान 14 सेंटिमीटर रुंद. स्कॅन केलेले पान म्हणजे फोटोच. त्यात अक्षर वाढवले म्हणून ओळी नव्याने जुळत नाहीत. उभ्या पडद्यावर 14 सेंटिमीटरचे पान 7 सेंटिमीटरमध्ये बसवायचे म्हणजे प्रत्येक अक्षर मुळाच्या निम्मे होणार. दोन बोटांनी मोठे करावे तर ओळीचे टोक पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते. मावशी थकत होती ती यामुळेच.

पडदा आडवा केला की रुंदी 15 सेंटिमीटर होते. पान मूळ आकारात बसते. पानाच्या दोन्ही बाजूंचा कोरा समास चिमटीने बाहेर ढकलला, तर छापील ओळ साडेदहा सेंटिमीटरचीच उरते आणि अक्षर छापील पुस्तकापेक्षा जवळजवळ दीडपट मोठे दिसते. किंमत एवढीच की एका वेळी पानाचा साधारण चौथा भाग दिसतो. म्हणजे एका पानाला चार वेळा बोटाने वर सरकवायचे, पण फक्त वर. डावीकडे-उजवीकडे नाही.

म्हणून नियम सोपा आहे. अक्षर मोठे केल्यावर ओळी नव्याने जुळत असतील, तर पडदा उभाच ठेवा आणि अक्षर वाढवा. आडव्या पडद्यावर अशा मजकुराच्या ओळी उगाच लांब होतात आणि दिसतात जेमतेम आठ-दहा. पान फोटोसारखे असेल, म्हणजे स्कॅन केलेले पुस्तक किंवा वृत्तपत्राचे पान, तर पडदा आडवा करा.

आडव्या पडद्याला कुलूप कसे लावायचे?

गादीवर झोपून हे करायला गेलात तर फसाल. कुशीवर असताना ओळी आडव्या पडद्यावर हव्या असतील तर फोन गादीवर उभा, आखूड कडेवर टेकवावा लागतो. तो तसा उभा केला की ऑटो-रोटेटला वाटते, आता पडदा उभा हवा! म्हणून कुलूप आधी बसून लावावे.

मावशीने उशीला टेकून पुस्तक उघडले, Auto-rotate चालू केले आणि फोन आडवा धरला. पान आडवे झाल्यावर, फोन तसाच धरून, वरची पाटी ओढली आणि Auto-rotate बंद केले. मगच ती कुशीवर वळली. आखूड कडेवर फोन डगमगतो, म्हणून दोन घट्ट उशांच्या मध्ये त्याला खोचून ठेवले. मधेच मुख्य पडद्यावर गेले की बऱ्याच फोनवर तो उभा दिसतो. घाबरू नये, पुस्तकात परतल्यावर तो पुन्हा आडवा होतो. काही फोनवर मात्र Auto-rotate बंद करताच पडदा थेट उभा होतो. तिथे बसलेले असतानाच फोन आडवा धरून कोपऱ्यातली ती छोटी खूण दाबावी.

आयफोनवर वरच्या पाटीतले कुलूप फक्त उभ्या पडद्यालाच लागते. तिथे पुस्तक Books या अ‍ॅपमध्ये उघडावे. पडदा फिरण्याचे साधे कुलूप काढून, फोन आडवा धरून, पुस्तकाच्या मेन्यूतील कुलपाची खूण दाबावी. आयपॅडवर ही अडचण नाही. ज्या स्थितीत कुलूप लावाल त्याच स्थितीत ते राहते.

दहा इंची टॅब्लेट असेल तर पडदा आडवा करायची फारशी गरजच नसते, कारण त्याचा उभा पडदाही साधारण 14 सेंटिमीटर रुंद असतो. पण तो फोनच्या दुपटीहून जड असतो. उताणे झोपून तो चेहऱ्यावर धरू नका. डुलकी लागली की तो नाकावरच येतो. कुशीवर, उशीला टेकवलेलाच बरा.

अंधारात एका डोळ्याने वाचू नका

कुशीवर वाचताना खालचा डोळा उशीत दबतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. 2016 साली लंडनच्या डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 22 आणि 40 वर्षांच्या दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. काही मिनिटांपुरते एका डोळ्याने दिसत नाही म्हणून त्यांच्या एमआरआयसह अनेक तपासण्या झाल्या, पण दोष काही सापडला नाही. शेवटी कळले की दोघी अंधारात कुशीवर पडून फोन बघत. वरचा डोळा उजेडाला सरावायचा, उशीत झाकलेला अंधाराला. फोन बंद केला की उजेडाला सरावलेल्या डोळ्याला काही मिनिटे काहीच दिसत नसे.

हे निरुपद्रवी असते, पण घाबरवून टाकणारे. दोन्ही डोळे उघडे राहतील अशी उशी घ्यावी आणि खोलीत छोटा दिवा लावावा. मात्र असे काही कारण नसताना एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली, ती थोड्या वेळाने परत आली तरी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे.

मावशीच्या फोनला दुरुस्ती लागली नाही आणि चष्माही बदलावा लागला नाही. गेल्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला. म्हटले, आता काय बिघडले? ती म्हणाली, "काही नाही गं. कादंबरी संपत आलीय. भाच्याला सांग, दुसरा भागही स्कॅन कर म्हणावं. आणि पानं सरळ ठेवून कर, त्याची ती तिरकी पानं कुठल्याच कुलपानं सरळ होत नाहीत!"