पाण्याच्या रिपोर्टमधला दुसरा रकाना

सोसायटीच्या सूचनाफलकावर पाण्याचा रिपोर्ट लागला की सगळ्यांचे बोट आधी टीडीएसवर जाते. आकडा मोठा दिसला की चर्चा सुरू होते, ती फिल्टरच्या किमतीवर जाऊन थांबते. ज्या ओळीवर खरे म्हणजे थांबायला हवे, ती बहुतेक वेळा रिपोर्टच्या तळाशी असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, सोसायटीत महापालिकेचे पाणी येते, ते पुरत नाही म्हणून बोअरचे पाणीही जमिनीखालच्या टाकीत सोडले जाते. घरातल्या नळाच्या पाण्याचा रिपोर्ट असा आला: टीडीएस ७८०, एकूण कठीणपणा ४२०, नायट्रेट ५२, मोकळे क्लोरीन शून्य. हे आकडे एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत. शेवटी, १०० मिलिलिटरमागे कोलिफॉर्म १४, ई. कोलाय आढळले नाहीत.

हे आकडे ज्याच्याशी ताडून पाहायचे ते भारतीय मानक म्हणजे आयएस १०५००, २०१२ सालचे. त्यात मर्यादांचे दोन रकाने आहेत. पहिला स्वीकार्य मर्यादेचा: टीडीएस ५००, कठीणपणा २००. दुसरा अनुज्ञेय मर्यादेचा: टीडीएस २०००, कठीणपणा ६००. दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर एक अट आहे, ‘पर्यायी स्रोत उपलब्ध नसल्यास’. ज्या गावात खाऱ्या विहिरीशिवाय दुसरे पाणीच नाही, त्या गावासाठी ही सवलत आहे. आपल्या सोसायटीत महापालिकेचा नळ आहे, म्हणजे पर्याय आहे. रिपोर्टमध्ये केवळ दुसरा रकाना छापलेला असेल, तर ७८० आणि ४२० हे दोन्ही आकडे मर्यादेत दिसतील आणि सगळे निर्धास्त होतील. म्हणून रिपोर्ट हातात आला की मर्यादा कोणत्या रकान्यातली लिहिली आहे ते आधी पाहावे.

तरीही या दोन आकड्यांनी कुणी आजारी पडेल अशी भीती नको. कठीण पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो. त्रास आहे, पण तो घरकामाचा.

नायट्रेटची गोष्ट वेगळी. त्याची मर्यादा ४५ आहे आणि तिथे दुसऱ्या रकान्यात सवलतच नाही. बाटलीने दूध पिणाऱ्या लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नायट्रेटमुळे कमी होऊ शकते. पाणी उकळून ते जात नाही. वाफ उडून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढतेच. नायट्रेट बहुधा सांडपाण्याच्या किंवा खताच्या झिरपण्यातून बोअरमध्ये उतरते. महापालिकेच्या पाण्यात ६ आणि नळाला ५२ आले असेल, तर वाढ बोअरची आहे हे उघड आहे. दोन्ही पाणी निम्मे-निम्मे मिसळत असेल, तर बोअरमध्ये ते ९८ च्या आसपास असणार. इथे उपाय फिल्टरचा नाही, नळजोडणीचा आहे: बोअरचे पाणी फ्लश आणि बागेसाठी वेगळ्या टाकीत न्यावे. एक सावधगिरी मात्र हवी. काही रिपोर्ट नायट्रेट ‘नायट्रोजन म्हणून’ देतात. त्या आकड्याला साधारण ४.४ ने गुणल्यावरच तो ४५ शी ताडता येतो. तिथला ११ हा आकडा छोटा वाटतो, पण गुणल्यावर तो ४८ होतो.

आता तळाची ओळ. १४ हा आकडा ७८० पुढे किरकोळ वाटतो, पण इथली मर्यादा शून्य आहे. ई. कोलाय नाहीत, म्हणजे ताज्या मैल्याची खूण मिळाली नाही. कोलिफॉर्म आहेत, म्हणजे बाहेरचे काहीतरी आत शिरायला वाट आहे, किंवा टाकीत गाळ साचला आहे. याच्या जोडीला क्लोरीनची ओळ वाचावी. नळाला किमान ०.२ क्लोरीन उरलेले असावे. महापालिकेचे पाणी सोसायटीत शिरते तिथे ०.३ आणि घरातल्या नळाला शून्य, असे असेल तर ते वाटेत खर्च झाले: बोअरच्या पाण्यात, गाळात किंवा टाकीच्या भिंतीवरच्या बुळबुळीत थरात. ड्रेनेजचे चेंबर टाकीच्या किती जवळ आहे, झाकणाला फट आहे का, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का, हे त्याच दिवशी पाहावे आणि तोवर पिण्याचे पाणी उकळावे. टाकी धुऊन, फट बुजवून मग ब्लीचिंग पावडर घालावी: १००० लिटरला चांगल्या प्रतीची सुमारे २.५ ग्रॅम, म्हणजे २०,००० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम. उघड्या पोत्यातल्या जुन्या पावडरीचा जोर ओसरलेला असतो, म्हणून अर्ध्या तासाने ओटी टेस्ट करून क्लोरीन खरोखर उरले का ते पाहावे.

फेरतपासणीसाठी नमुना एकाच दिवशी तीन ठिकाणचा घ्यावा: महापालिकेची लाइन, जमिनीखालची टाकी, शेवटच्या मजल्यावरचा नळ. जंतूंच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली हवी. तिच्यात सोडियम थायोसल्फेट असते, ते क्लोरीनचे काम तिथेच थांबवते. घरच्या धुतलेल्या बाटलीत नमुना नेला, तर वाटेतही क्लोरीन जंतू मारत राहते आणि रिपोर्ट नळाच्या पाण्यापेक्षा स्वच्छ येऊ शकतो.