सोळा किलो तांदूळ

ही गोष्ट कशेडीचा बोगदा सुरू होण्याआधीची. तेव्हा पोलादपूरहून खेडकडे जाणारी सगळी वाहतूक घाटातूनच जायची आणि घाटाच्या पायथ्याला आमचं हॉटेल. मालक महाडला राहतात. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. हाताखाली भांड्यांना एक मावशी आणि टेबलं बघायला दोन पोरं. जुलैचा महिना होता.

सकाळी ६

चहा, पोहे, उसळ. पहाटेच्या गाड्या मुंबईकडून येतात त्यांना गरम काहीतरी लागतं. दुधाच्या पिशव्या आल्या, त्या लगेच तापवून ठेवल्या. न तापवलेलं दूध लवकर नासतं.

दुपारी १

जेवणाची गर्दी. पावसाळ्यात समुद्रावरची मासेमारी बंद असते, त्यामुळे ताटात सुकट, अंडी आणि कोंबडी. भाकऱ्या मागच्या पडवीत चुलीवर, बाकी सगळं गॅसवर. पाऊस सकाळपासून थांबला नव्हता. तीनच्या सुमाराला रस्त्याकडेचं गटार लाल पाण्यानं भरून वाहायला लागलं. पाण्याला लाल माती आली की वर डोंगर सुटायला लागलाय असं आम्ही समजतो. मी मोठ्या पोराला सांगून पडवीतली सुकी लाकडं घरात आणून घेतली.

संध्याकाळी ६.४०

वीज गेली. वीज गेली म्हणजे बोअरचा पंप बंद. वरची टाकी हजार लिटरची, आणि दुपारच्या भांड्यांनी ती निम्मी केली होती. फ्रिजमधली कोंबडी लगेच बाहेर काढून शिजवून टाकली.

संध्याकाळी ७.३०

खेडकडे गेलेली एसटी परत आली. चालक खाली उतरला आणि म्हणाला, "मावशी, वळणावर दरड आलीय. मोठे दगड आहेत, झाडासकट. सकाळशिवाय काही होत नाही." त्याच्या मागून गाड्या येतच होत्या. खालून मुंबईकडून येणाऱ्याही थांबायला लागल्या. मोबाईलला रेंज नव्हती.

रात्री ८

अशा रात्री सगळ्यात आधी माणसं मोजायची. मी एसटीच्या वाहकदादांना म्हटलं, तुम्हाला रोज मोजायची सवय आहे, जरा गाड्यांमधून फिरून या. ते छत्री घेऊन गेले आणि आकडा घेऊन आले: एकशे अठ्ठावन्न, त्यात लहान मुलं बावीस. मी एकशे साठ धरले.

मग घरात काय आहे ते पाहिलं. तांदूळ बावीस किलो. बेसन पाच किलो. तूरडाळ होती, पण तिचा विचार मी लगेच सोडला. मोठ्या पातेल्यात डाळ मऊ व्हायला तास लागतो आणि तेवढा वेळ गॅस जळतो. खरी अडचण सिलिंडरचीच होती. भरलेला दुसरा त्या दिवशी यायचा होता, तो आला नव्हता. लावलेला किती उरलाय हे बघायला मी ओलं फडकं सिलिंडरवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि बॅटरी धरून उभी राहिले. जिथे आत पातळ गॅस असतो तिथला पत्रा गार असतो, ओल टिकते. वरचा रिकामा भाग आधी सुकतो. ओलीची रेघ खालून वीतभर राहिली. म्हणजे व्यवसायाच्या मोठ्या सिलिंडरमध्ये पाच-सहा किलो. मोठी शेगडी पूर्ण फुलवली तर पाच-सहा तासांचं काम, आणि अख्खी रात्र पुढे होती.

म्हणून वाटणी केली. भात सगळा चुलीवर. गॅस फक्त पिठल्याला, चहाला आणि पिण्याचं पाणी उकळायला.

माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे सोळा किलो. उरलेले सहा किलो पोत्यात बांधून बाजूला ठेवले, कारण घाट सकाळी सुटेलच याची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं. एक किलो बेसनाच्या पातळसर पिठल्यात पंचवीस-तीस माणसं भातासोबत जेवतात. मुलांना कमी लागतं, त्यामुळे पाच किलोंत हिशेब जेमतेम बसत होता. भाकऱ्यांचा प्रश्नच नव्हता. दोन चुलींवर दोघी बसलो असतो तरी एवढ्या भाकऱ्यांना पहाट झाली असती.

ताटं काढायची नाहीत हे मी पोरांना बजावलं. एवढी ताटं घासायला टाकीतलं सगळं पाणी गेलं असतं. मागच्या केळी कापून पानं आणली, जुन्या पत्रावळी काढल्या. पातेली घासायला पन्हळीखाली पिंपं लावली. महिनाभर धुतलेल्या छपरावरून येणारं पाणी घासायला चांगलं. पिण्याला मात्र टाकीतलंच, उकळून.

मालकांचा फोन लागत नव्हता, तेव्हा भाव मीच ठरवला. नेहमीच्या ताटाच्या निम्मे. रेंज नसल्यामुळे फोनवरून पैसे येणार नव्हते आणि हल्ली खिशात नोटा कोणाच्या असतात? नसतील त्यांचं नाव आणि गाडीचा नंबर वहीत. मुलांचे पैसे नाहीत.

रात्री ८.४०

"काकी, एकदाच सगळा भात टाका की," धाकटा पोरगा म्हणाला. मी पाच-पाच किलोंचे तीन घाणे आणि शेवटी एक किलो असं ठरवलं होतं. खोल पातेल्यात सोळा किलो एकदम टाकले तर खाली करपतो आणि वर कच्चा राहतो, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं. माणसं रात्रभर येत राहणार. आठ वाजता केलेला भात मध्यरात्रीनंतर कोमट होतो आणि कोमट भातासारखा धोका नाही. भात एक तर वाफाळता हवा, नाही तर पूर्ण गार करून थंड जागी ठेवलेला. मधल्या अवस्थेत तो बिघडतो. आधी बोटाला चिकट लागतो, मग तार सुटते, मग आंबूस वास येतो. पण वास यायच्या आधीही त्यानं उलट्या होऊ शकतात. दरडीच्या अलीकडे अडकलेल्या गाडीत कोणाला उलट्या लागल्या तर त्याला न्यायचं कुठे?

पाच किलो तांदळाला दहा-साडेदहा लिटर पाणी घातलं. घरी आपण वाटीला दोन वाट्या घालतो, पण मोठ्या पातेल्यात वाफ कमी जाते म्हणून पाणीही कमी लागतं. आधण खळखळल्यावर तांदूळ, मीठ, दोन पळ्या तेल. पाणी तांदळाच्या बरोबरीला आलं आणि वर भोकं पडायला लागली की मी मोठी लाकडं बाहेर ओढली, पातेलं वैलावर सरकवलं, झाकणावर निखारे ठेवले आणि मोकळ्या झालेल्या चुलीवर दुसऱ्या घाण्याचं आधण चढवलं. वैलावरच्या आचेला वीस मिनिटांत दम बसतो.

रात्री ९.१०

वाहकदादा एका गृहस्थांना धरून आत घेऊन आले. अंगावर शहारे, कपाळाला घाम, बोलणं अडखळत. त्यांची बायको म्हणाली, "आठला इन्सुलिन घेतलं. खेडला जेवणार होतो." भाताला अजून दहा मिनिटं होती आणि दहा मिनिटं थांबण्यासारखी त्यांची अवस्था नव्हती. ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून अर्धा पेला पाण्यात चार चमचे साखर विरघळवून घोट घोट पाजली. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. पावाएक तासानं त्यांनी स्वतःहून पेला खाली ठेवला. पहिल्या घाण्यातलं पहिलं पान त्यांना वाढलं, कारण साखरेनं आणलेली हुशारी टिकायला पोटात अन्न जावं लागतं.

मग मी पोराला सगळ्या गाड्यांमधून पाठवलं. साखरेचा आजार असलेले, गरोदर बाया, लहान मुलं, सगळ्यांनी आधी यावं. आणखी तिघं निघाली साखरेची. सांगायला लाजत होती.

रात्री १०

पिठलं. दोन किलो बेसन आधी वेगळ्या पातेल्यात गार पाण्यात रवीनं घुसळून घेतलं. थेट गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि मोठ्या पातेल्यात त्या फुटत नाहीत, आत कच्च्या राहतात. तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण आणि मिरची, हळद, त्यावर पाणी, आणि उकळी आल्यावर कालवलेलं बेसन एका धारेनं. धार मावशी सोडत होती, मी ढवळत होते. थोड्या वेळानं फटफट बुडबुडे फुटायला लागतात आणि अंगावर उडतात. तेव्हा आच मंद करून दहा मिनिटं झाकायचं. कच्च्या पिठाचा वास गेला आणि पळीवरून पडताना ते सलग पडलं की झालं. पूर्ण काम वीस मिनिटांत, म्हणजे गॅस वाचला.

एका ट्रकवाल्या भाऊंनी गाडीचे दिवे आमच्या दारावर रोखले. त्या उजेडात पंगती बसल्या. शिजवलेली कोंबडी कोपऱ्यात वेगळी, वेगळ्या पळीनं, ज्याला हवी त्याला.

रात्री १२.३०

दुसरा घाणा संपला, तिसरा वैलावर होता. एक टेम्पोवाला आत आला. वाशीहून रत्नागिरीला कांदे-बटाटे नेत होता. "ताई, दोन गोणी ओल्या झाल्यात. सडण्यापेक्षा वापरा." माल त्याचा नव्हता, म्हणून मी वजन करून कागदावर लिहून दिलं आणि मालकांच्या वतीनं सही केली. शेवटच्या पिठल्यात बेसन थोडं कमी पडत होतं. त्यात बटाट्याच्या बारीक फोडी शिजवल्या, पिठलं वाढलं.

पहाटे ३

सुकी लाकडं संपत आली. ओली लाकडं मी संध्याकाळपासूनच चुलीभोवती रचून शेकत ठेवली होती, ती कामी आली. धूर फार झाला, पण पेटली. साठवलेलं दूध मुलांना, मोठ्यांना गवती चहा आणि आलं घातलेला कोरा चहा. गाड्यांमध्ये काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपलेल्यांना पोरांनी उठवून काचा खाली करायला लावल्या. गाडी उभी असताना धूर आत भरतो.

शेवटचा एक किलो भात तेव्हा टाकला, उशिरा आलेल्या आठ-दहा जणांसाठी.

सकाळी ७.१५

जेसीबीनं एका बाजूचे दगड ओढले आणि एकेरी वाहतूक सुरू झाली. आधी एसटी सोडल्या. साखरवाल्या गृहस्थांच्या बायकोला मी चार केळी आणि पुडीत साखर बांधून दिली. घाट संपेपर्यंत किती वेळा थांबावं लागेल ते सांगता येत नव्हतं. पातेल्याच्या बुडाशी उरलेला भात मावशीनं गाईला घालायला मागितला. तो पहाटे तीनचा होता, माणसांना मी तो वाढला नसता.

मालक आठला मोटरसायकलवरून भिजत आले. आधी वही पाहिली. उधारीची नावं दोन पानं होती. काही बोलले नाहीत, वही मिटून खिशात ठेवली.

"तांदूळ किती राहिला?"

"सहा किलो. दुपारच्या ताटांना पुरेल. बेसन नाही, लाकूड नाही. टेम्पोवाल्याचे पैसे द्यायचेत, कागद डब्यात आहे. आणि सिलिंडर अकराच्या आत हवा."

"दोन आणतो," ते म्हणाले.