गोटा शोभतो कुणाला?

१९८४ साली आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम'मधल्या मोलारामसाठी अमरीश पुरींनी डोक्यावरून वस्तरा फिरवला. चित्रीकरण संपलं, सिनेमा लागला, पण पुरींनी केस काही परत वाढवले नाहीत. गुळगुळीत डोक्यावर कुठलाही टोप बसतो, हा त्यातला व्यावसायिक फायदा. तीन वर्षांनी अवतरलेल्या मोगँबोचे केस टोपाचेच होते. त्यांच्या कितीतरी आधी, १९५१ मध्ये, युल ब्रिनरनं ब्रॉडवेवरच्या 'द किंग अँड आय'साठी गोटा केला आणि पुढे तीच त्याची ओळख झाली.

या दोघांचे फोटो शेजारी ठेवून पाहिले, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. दाढी दोघांनाही नाही, आणि तिची उणीवही भासत नाही. ठसठशीत भुवया, रेखीव जबडा आणि मागे गोलाईनं वळलेली कवटी असेल, तर चेहऱ्याला आणखी कशाची गरज पडत नाही. अडचण इतरांची असते. बेसिनसमोर उभं राहून 'एकदाचं उडवून टाकू का?' असा विचार करणाऱ्या बहुतेकांना यातलं एखादंच मिळालेलं असतं. उरलेलं कातडीची निगा आणि दाढी यांनी भरून काढावं लागतं.

टक्कल पडू लागलेल्या माणसाला हा विचार सुचणं साहजिक आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले संशोधक अल्बर्ट मॅन्स यांचा २०१२ मधला अभ्यास यासंदर्भात हमखास सांगितला जातो. त्यांनी काही पुरुषांचे फोटो जसेच्या तसे आणि संगणकावर केस काढून टाकलेले, असे दोन्ही प्रकारे लोकांना दाखवले. बिनकेसांचा तोच माणूस लोकांना जास्त दबदब्याचा, सुमारे एक इंच उंच आणि १३ टक्के अधिक ताकदवान वाटला. गोट्याचे समर्थक इथंच थांबतात. त्याच अभ्यासात हे पुरुष थोडे वयस्कर आणि कमी आकर्षक वाटल्याचंही आढळलं होतं. म्हणजे गोट्यानं रुबाब वाढतो, देखणेपणाची हमी मिळत नाही.

देखणेपण ठरतं ते मुख्यतः बाजूनं पाहताना. आरशात आपण स्वतःला समोरून बघतो आणि समोरून बहुतेक डोकी ठीकच दिसतात. खरा फरक कानामागे असतो. कानापासून मागे डोकं पुरेसं भरलेलं असेल, माथ्याचा उंच भाग किंचित मागे असेल आणि तिथून मानेपर्यंतची रेषा बाहेर फुगून मग आत वळत असेल, तर गोटा शोभतो. मागची बाजू सपाट असेल, तर मान सरळ भिंतीसारखी वर गेल्याचा भास होतो आणि कान मोठे वाटू लागतात.

हा सपाटपणा बहुधा पाळण्यातला असतो. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात. एकाच जागी सतत दाब पडला, की ती तिथं चपटी होतात. आपल्याकडे टाळू भरताना मालीशवाली बाई बाळाचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून गोल करायची, डोक्याखाली मोहरीची उशी ठेवायची, ती याच काळजीपोटी. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बाळाला पोटावर झोपवू नका, असा सल्ला दिला. झोपेतले अचानक मृत्यू त्यानं खूप घटले, पण मागून चपटी डोकी वाढली. (आता डॉक्टर बाळाला कुठलीच उशी नको म्हणतात, मोहरीचीसुद्धा.) मोठेपणी मात्र या आकारात काही बदल होत नाही.

म्हणून वस्तरा लावण्याआधी हात लावावा. आंघोळीत केस ओले असताना दोन्ही तळवे कपाळापासून मानेपर्यंत दाबून फिरवले, तर उंचवटे, खळगे आणि मानेच्या वरच्या हाडाचं टोक कळतं. ते टोक पुरुषांमध्ये बरेचदा ठळक असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग ओले केस चापून बसवून घरातल्या कुणाकडून दोन्ही बाजूंनी आणि मागून फोटो काढून घ्यावेत. लहानपणी दगड लागून पडलेली खोक, तीळ, मानेवरच्या वळ्या यांचीही नोंद घ्यावी. केशरोपण करून घेतलेल्यांनी तर जास्तच. मागच्या कातडीची पट्टी काढून केलेलं रोपण असेल, तर गोटा केल्यावर एका कानामागून दुसऱ्या कानामागे जाणारा व्रण उघडा पडतो. वडील गेल्यावर ज्यांनी क्षौर केलं आहे, त्यांच्याजवळ पुरावा आधीच असतो. त्या दिवसांतले फोटो सहसा कुणी काढत नाही, एवढंच.

आता एक नमुना घेऊ. चाळिशीतला, गोल चेहऱ्याचा, पुण्यात रोज दुचाकीनं कचेरीत जाणारा गृहस्थ. माथा रिकामा, पण कानांच्या वर आणि मागे दाट काळे केस. पुरुषी टकलात हा पट्टा शेवटपर्यंत टिकतो, आणि गोट्यातली निम्मी डोकेदुखी त्याचीच असते.

त्यानं थेट वस्तऱ्याकडे जाऊ नये. आधी मशीननं तीन मिलिमीटर, आठवड्यानं एक, आणि मग सलूनवाले ज्याला झिरो म्हणतात ते. प्रत्येक टप्प्यावर आकार थोडा अधिक उघडा पडतो आणि नको वाटलं तर थांबता येतं. झिरो मशीनवर डोकं बरं दिसलं, तरच वस्तरा. तोही आंघोळीनंतर, कातडी मऊ असताना, शेव्हिंग क्रीम लावून आणि पहिला हात केसांच्या दिशेनंच. माथ्यावर भोवरा असतो, तिथं केस गोल फिरतात. मानेजवळ ते आडवे किंवा चक्क वर जातात. एकाच दिशेनं सरसर वस्तरा ओढला, की याच दोन जागी कापतं आणि पुरळ उठतं. बोटांनी चाचपत, दिशा ओळखत, छोटे हात मारले की ब्लेडवर जोर द्यावा लागत नाही. सलूनमध्ये करून घेत असेल, तर नवं ब्लेड डोळ्यांदेखत लावून घ्यावं. कावीळ ब आणि क यांचे विषाणू वापरलेल्या ब्लेडवरून पसरू शकतात.

पहिल्या दिवशीचं दर्शन सहसा निराशाजनक असतं. वर्षानुवर्षं केसांखाली राहिलेली कातडी कपाळापेक्षा फिकी असते, त्यामुळे डोक्यावर पांढुरकी टोपी चढवल्यासारखं दिसतं. दोन ते चार आठवड्यांत हा फरक बराच मिटतो. निकाल त्यानंतर लावावा. गडबड करून उन्हात बसून रंग जुळवायला जाऊ नये. त्या कोवळ्या कातडीला ऊन भाजतं.

दुसरा धक्का तिसऱ्या दिवशी बसतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला तिसरा हिस्सा मिलिमीटर वाढतात. गृहस्थाच्या काळ्या पट्ट्यात तेवढ्यानंही निळसर सावली येते आणि रिकामा माथा मधोमध चमकू लागतो. जे लपवायला गोटा केला, तेच पुन्हा दिसायला लागतं. केस पांढरे झालेल्यांना हा त्रास कमी. याला दर दोन-तीन दिवसांनी वस्तरा फिरवण्यावाचून इलाज नाही आणि एवढी शिस्त जमणार नसेल, तर झिरो मशीनवर थांबणं शहाणपणाचं. सर्वत्र सारखी खुरटी वाढ असलेलं डोकं, अर्धवट सावलीच्या गोट्यापेक्षा केव्हाही नीट दिसतं.

आता निगा. केस गेले म्हणजे कोंडा गेला, अशी समजूत असते. कोंडा होतो तो कातडीवर राहणाऱ्या बुरशीमुळे आणि तेलामुळे, आणि ही दोन्ही जागेवरच असतात. उलट पूर्वी केसांत लपणारे लालसर, खवलेदार चट्टे आता सगळ्यांना दिसतात. किटोकोनॅझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा लावून पाच मिनिटांनी धुतला, की बहुतेकांचा प्रश्न सुटतो; न सुटल्यास त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. एरवी रोज सौम्य साबण आणि नंतर तेलकट नसलेलं हलकं मॉइश्चरायझर पुरतं. खोबरेल थापण्याची सवय मात्र सोडावी लागते. माथ्यावर तेलग्रंथी भरपूर असतात. वरून आणखी तेल घातलं, तर चकाकी वाढते आणि धूळ बसते.

सनस्क्रीनबाबत कंजुषी होते, ती इथं महाग पडते. माथा सूर्याच्या थेट समोर असतो. कमीत कमी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढली तर जेवढं होईल तेवढं, आणि उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. कान आणि मानेची मागची बाजू हमखास विसरली जाते. आपल्या गृहस्थाला हेल्मेटचंही पाहावं लागेल: अस्तर घासून मानेवर बारीक फोड येत असतील, तर आत सुती रुमाल किंवा टोपी घालायची आणि ती रोज धुवायची. तिथंच टणक, कडेनं वाढणाऱ्या गाठी होऊ लागल्या, तर वस्तरा ताबडतोब थांबवून डॉक्टरांना दाखवावं. वेळ काढला, तर त्यांचे कायमचे व्रण राहतात.

उरली दाढी. गोल चेहऱ्यावर गोटा केला, की वर-खाली दोन्हीकडे गोलाईच उरते आणि चेहरा कुठं संपतो तेच समजत नाही. दाढी ती खालची कड आखून देते. गृहस्थानं गालांवर तीन मिलिमीटर आणि हनुवटीवर सात-आठ मिलिमीटर ठेवली, तर चेहरा उभा भासेल. लांबट चेहऱ्याच्या माणसानं नेमकं उलट करावं: हनुवटी आखूड, बाजू जरा भरलेल्या. छातीपर्यंत दाढी आणि वर गोटा ही जोडी सिनेमात खपून जाते. कचेरीत डोकं उलटं बसवल्यासारखं वाटतं.

जास्त चुका होतात त्या कल्ल्यांशी. दाढी कानाजवळ एकदम सरळ रेषेत तोडली, तर ती चिकटवल्यासारखी दिसते. कानाच्या वरच्या टोकापाशी शून्य, मग अर्धा, एक, दोन मिलिमीटर असं उतरत दाढीत मिसळवलं, तर डोकं आणि चेहरा एकसंध राहतात. ट्रिमरच्या वेगवेगळ्या कंगव्यांनी हे घरी जमतं. पहिल्यांदा सलूनवाल्याकडून करून घेऊन नीट बघावं. गळ्याची रेषा कंठमण्याच्या दोन बोटं वर असावी. नवखे ती जबड्याच्या हाडावरच आखतात आणि मग बोलताना खालची मोकळी कातडी दुहेरी हनुवटीसारखी लोंबते.

दाढी ठिगळाठिगळांची येत असेल, तर ती नसलेलीच बरी. अशा वेळी जाड फ्रेमचा चष्मा बऱ्यापैकी काम करतो, कारण गेलेल्या केसांच्या जागी डोळ्यांपाशी ठळक रेषा मिळते. आणि महिनाभरानंतरच्या बाजूच्या फोटोतही डोकं पटलं नाही, तर वस्तरा ठेवून द्यायचा. आणखी तीन आठवड्यांत पट्टा कात्री लावण्याइतका वाढतो. त्यानंतरही दाढी तेवढी ठेवायला हरकत नाही.